पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता, आणि त्या कागदावर निबंध होता.

"हे सगळं केकवर लिहायचंय," तो म्हणाला.

मी वाचलं. 'आमच्या लाडक्या आईस, बत्तीस वर्षांच्या निःस्वार्थ सेवेनंतर, निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा...' पुढे अजून तीन ओळी होत्या.

"केक किती?"

"अर्धा किलो."

"अहो, अर्ध्या किलोवर बारा-पंधरा अक्षरं बसतात. हे बसवायचं तर मांडव घालावा लागेल."

तो हसला. रागावला नाही, हेच मला पहिल्यांदा खटकलं. सदाशिव पेठेत गिऱ्हाइकाशी असं बोललं की गिऱ्हाईक दुप्पट तिखट उत्तर देतं, अशी आमची रीत आहे. हा मात्र काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मग तुम्हीच सांगा ना... कसं लहान करू?"

"आई काय करायच्या?"

"नर्स. जवळजवळ सगळी वर्षं रात्रपाळी."

"आणि आता त्यांनी काय करावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी हळू म्हणाला, "झोपावं तिने. रात्रभर."

मी चॉकलेटचा कोन उचलला आणि केकवर लिहिलं: 'आई, आता झोप.'

दुसऱ्या दिवशी तो फक्त सांगायला आला. आई केक कापायच्या आधीच रडली म्हणे. "तुमची फी किती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, चहा. तो म्हणाला, आत्ता? मी म्हटलं, नाही, पुढच्या वर्षी, आणि एप्रन काढला.

तर असा आमोद. नारायण पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासतो. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून 'खालची ओळ वाचा' म्हणतो. आणि मी सुरुची, वय सव्वीस, राहणार बिबवेवाडी. दीनानाथकाकांच्या केकच्या दुकानात केकवरची अक्षरं मी लिहिते. दोघांचं पोट अक्षरांवर.

त्या चहाला चौदा फेब्रुवारीला बरोबर पाच आठवडे होणार होते. आणि इथेच घोळ होता.

पाच आठवडे हा फार वाईट काळ असतो हो! पाच दिवस असतील तर माणूस गुलाब देऊन मोकळा होतो. पाच वर्षं असतील तर काहीच नाही दिलं तरी चालतं, फक्त भांडण होतं. पण पाच आठवडे... कमी लिहावं तर 'हिला काहीच वाटत नाही', जास्त लिहावं तर 'बापरे, ही तर मांडवापर्यंत पोचली'.

गंमत बघा, लोकांना हे सगळं मीच सांगते. आमच्या दुकानात पाटी आहे: 'जे लिहून द्याल तेच लिहिले जाईल. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.' त्यामुळे तेरा आणि चौदा तारखेला गिऱ्हाइकं कागदापुढे घामाघूम होतात आणि शेवटी माझ्याकडे बघतात. मग मी विचारते, किती दिवस झाले? समोरच्याने आतापर्यंत काय म्हटलंय? आणि हे वाचून त्याला तिथल्या तिथे काही कबूल करावं लागेल का? तसं असेल तर ती शुभेच्छा नाही, नोटीस आहे. परवाच एक मुलगा आठ दिवसांच्या ओळखीवर 'तूच माझं आयुष्य' लिहायला निघाला होता. मी म्हटलं, "तिला आवडतं काय, ते तरी माहीत आहे का?" तर म्हणे, मक्याचं कणीस, भरपूर लिंबू. मी लिहिलं, 'लिंबू तुझं, कणीस अर्धं-अर्धं.' संध्याकाळी पोरगी स्वतः दुकानात येऊन आणखी दोन पेस्ट्र्या घेऊन गेली. आयुष्य सगळ्यांनाच देता येतं. लिंबू लक्षात ठेवावं लागतं.

एवढी हुशारी! आणि स्वतःची वेळ आली तर अक्कल गहाण.

तेराला दुपारी मी मोबाइल घेऊन बसले. लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. अकरा मिनिटांनी त्याचाच मेसेज आला: 'केव्हापासून टायपिंग टायपिंग दिसतंय. कादंबरी आहे का?'

मी घाबरून लिहिलं: 'नाही. बोट चुकून लागलं.'

'अकरा मिनिटं?'

'मोठं बोट आहे.'

मंतशा हसून हसून काउंटरवर आडवी झाली. मंतशा आमच्या दुकानात ऑर्डरी घेते, माझी मैत्रीण आहे आणि या विषयात स्वतःला तज्ज्ञ समजते. "अगं, शब्दच नको ना! एक बदाम पाठव. पण लाल नको हं, लाल म्हणजे डायरेक्ट प्रेम. पिवळा म्हणजे मैत्री. नारिंगी पाठव, त्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही."

"ज्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही ते कशाला पाठवू?"

"म्हणूनच! उद्या काही झालं तर अंगाशी येत नाही."

अंगाशी. तिला माहीत होतं ती काय बोलतेय ते. दोन वर्षांपूर्वी मी तेजस नावाच्या एका मुलाला याच दिवशी लांबलचक मेसेज पाठवला होता. मनातलं सगळं, काही म्हणजे काही शिल्लक न ठेवता. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा! आणि चार दिवसांनी कळलं, माझा मेसेज त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर फिरतोय, खाली हसण्याच्या चिन्हांची रांग. तेव्हापासून मी मापातच बोलते. बारा अक्षरं, फार तर पंधरा.

पण आमोद तेजस नव्हता. आणि मला भीती होती ती नेमकी याचीच. तेजस गेल्यावर मी आठ दिवस चिडले आणि मोकळी झाले. हा गेला तर मी चिडणार नव्हते, रडणार होते.

चौदाला सकाळी साताला दुकान उघडलं. नऊपर्यंत बदामाच्या आकाराचे केक संपत आले, दहाला काका स्वतः क्रीम फेटायला बसले. मी मधल्या वेळात एक छोटा पाव किलोचा केक माझ्यासाठी बाजूला काढला. पांढरं क्रीम, कडेला काजूची पूड, कारण त्याला चेरी आवडत नाही.

आता केकवर लिहायचं म्हणजे काय असतं ते सांगते. बटर पेपरचा कोन करायचा, त्यात वितळलेलं चॉकलेट भरायचं आणि टोक अगदी सुईएवढं कापायचं. मोठं कापलं की वेलांटीची जिलबी होते. आधी मनात अक्षरं मोजायची, मधलं अक्षर मध्ये धरायचं. वरची रेघ शेवटी, एका दमात. आणि एकदा का चॉकलेट पांढऱ्या क्रीमवर पडलं की परतीचा रस्ता नाही. टूथपिकने अक्षर उचललंत तरी डाग राहतो. म्हणून मी अवघड मजकूर आधी पेनाने लिहून बघते, केकखालच्या पुठ्ठ्याच्या मागे. पुठ्ठा वरून सोनेरी असतो, मागून पांढरा. आकार केकचाच, त्यामुळे अंदाज येतो.

तर त्या दिवशीही मी पुठ्ठा उलटा केला आणि वरपासून लिहायला लागले.

आधी ठसठशीत: 'प्रेमदिनाच्या शुभेच्छा, आमोद.' शी! बँकेकडून आल्यासारखं. खोडलं.

'तू छान आहेस.' चहा छान आहे, हवा छान आहे, आमोद छान आहे. खोडलं.

'पाच आठवडे झाले, अजून कंटाळा आला नाही.' हे जरा बरं होतं, खरंही होतं. पण ते अर्धंच खरं होतं.

मग काय झालं कोण जाणे, पेन थांबेचना. जागा संपत चालली तशी अक्षरं बारीक होत गेली. 'तू दारातून आत आलास की माझा हात हलतो आणि पुढचं अक्षर बिघडतं.' त्याखाली, आणखी बारीक: 'पुढचं काही माहीत नाही. पण तू बरोबर असलास तर बघायला आवडेल.' आणि अगदी कडेला, मुंगीच्या पावलांएवढं: 'मला तू आवडतोस. नुसता नाही, खूप. उत्तराची घाई नाही.'

'प्रेम' लिहिलं नाही. घाबरून नाही हं! ते अजून मलाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं लिहायला मी काय शुभेच्छापत्र छापते? पण 'खूप आवडतोस' हे मात्र हाडांपर्यंत ठाऊक होतं.

"सुरुची! नावं घालायचे सात केक पडलेत!" काका ओरडले. मी पुठ्ठा झटकन सोनेरी बाजू वर करून ठेवला, कोन उचलला आणि केकवर लिहिलं: 'गोड खा, आमोद.'

काकांनी जाता जाता वाकून बघितलं. "हे काय? मधुमेह बरा झाला का त्याचा?"

"काका, तुम्ही क्रीम फेटा."

"फेटतोय. तू मात्र पाणी घालतेयस."

मी दातओठ खात आतल्या खोलीत गेले. तीन मजली लग्नाच्या वाढदिवसाचा केक होता, त्यात तासभर गेला. बाहेर आले तर माझा केक नाही. आणि पुठ्ठाही नाही.

मंतशा हेल्मेट काढत दारातून आत येत होती, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"देऊन आले! म्हटलं, तू काही आज स्वतः जायची नाहीस. सगळे पुठ्ठे संपले होते, हा एकच उरला होता तुझ्या टेबलावर. काय खूश झाला गं तो! म्हणाला, दुपारी सगळ्या स्टाफबरोबर कापतो."

"कोणता पुठ्ठा?"

"सोनेरी."

"सगळे सोनेरीच असतात, मंतशा!"

मी काय झालं ते सांगितल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर नेले. "या अल्लाह. सगळं? 'खूप' पण?"

'खूप' पण. खोडलेलंसुद्धा. लपवलेलं, धाडस न झालेलं, सगळं त्या काजूच्या केकच्या खाली होतं. केक संपला की कोणीतरी पुठ्ठा उचलणार. डस्टबिनमध्ये टाकताना उलटा करणार. आणि सगळा स्टाफ वाचणार. माझ्या डोळ्यांपुढे परत ती हसण्याच्या चिन्हांची रांग आली.

"जा, पळ! म्हणावं, पुठ्ठा परत हवाय, डिपॉझिट असतं," मंतशा म्हणाली.

मी एप्रन न काढताच स्कूटर काढली. फेब्रुवारीचं ऊन, दुपारचे दोन, आणि चौकात सिग्नल लाल. शेजारच्या बाइकवर मागे बसलेल्या एका मुलीच्या मांडीवर आमच्याच दुकानाचा खोका होता. तिने तो दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू जरा हललं तर जग बुडेल. मला एकदम राग आला. तिचा नाही, माझा.

मी काय चोरी केलीय? काय वाईट लिहिलंय मी? तेजसने माझा मेसेज फिरवला, त्यात लाज त्याला वाटायला हवी होती. मी मात्र दोन वर्षं मान खाली घालून बारा अक्षरांत जगतेय! मंतशा म्हणते कमी लिही, गिऱ्हाइकं म्हणतात आकाशातले तारे तोड, आणि खरं तेवढंच लिही असं कोणीच का म्हणत नाही? मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. "जातेय ना!" मी मागे वळून ओरडले, आणि निघाले.

दवाखान्यात दुपारची सामसूम होती. स्टाफ जेवून आपापल्या कामाला लागला होता. आमोद तपासणीच्या खोलीत एकटाच होता, टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर केकचा एक शेवटचा तुकडा. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की माझं अर्धं भाषण तिथेच विरघळलं.

"अगं, एप्रनवर! हा तुकडा तुझ्यासाठीच ठेवला होता. 'गोड खा' मधलं 'गो' आहे त्यावर."

त्याने पुठ्ठा उलटला नव्हता. कोणीच उलटला नव्हता.

मला एवढंच करायचं होतं: तुकडा तोंडात, पुठ्ठा काखेत आणि घरी. त्याला जन्मात कळलं नसतं. आमचं चहापाणी चालू राहिलं असतं, सुरक्षित आणि फिकं.

"आमोद, पुठ्ठा परत न्यायला आलेय मी."

"पुठ्ठा? का?"

मी तुकडा उचलला आणि सरळ त्याच्या तोंडात कोंबला, म्हणजे मध्ये बोलायला नको. टिश्यूने पुठ्ठा पुसला. मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापाशी गेले आणि पुठ्ठा पांढरी बाजू पुढे करून तक्त्यासमोर धरला.

"परत नेत नाहीये. बस त्या खुर्चीत. आज तू पेशंट. वाच."

तो खुर्चीत बसला. घास गिळला. आणि वाचायला लागला, त्याचे पेशंट वाचतात तसं, एकेक ओळ थांबून.

"प्रेमदिनाच्या शुभेच्छा, आमोद. ...खोडलंय."

"हो. पुढची."

"तू छान आहेस. ...हेही खोडलंय? मी छान नाही?"

"पुढची ओळ वाचा," मी त्याच्याच आवाजात म्हटलं.

"पाच आठवडे झाले, अजून कंटाळा आला नाही." तो हसला. मग चौथी ओळ त्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच त्याचा आवाज उतरला. "...माझा हात हलतो... आणि पुढचं अक्षर बिघडतं."

पाचवी ओळ त्याने मान पुढे काढून वाचली. मग डोळे बारीक केले.

"शेवटची दिसत नाही."

"दिसत नाही की वाचायची नाही?"

"खरंच दिसत नाही गं. फार बारीक आहे. जवळ यावं लागेल..."

"मग ये."

तो उठला. चार पावलं. पुठ्ठा आम्हा दोघांच्या मधे होता आणि त्याच्या वरून त्याचा चष्मा तेवढा दिसत होता. ओठ हलत होते. वाचून झालं तरी तो परत पहिल्या शब्दापासून वाचत होता, हे मला कळत होतं. एक... दोन... तीन वेळा.

"हे बघ," मीच बोलले, कारण मला शांतता झेपत नाही. "हे चुकून आलं. म्हणजे चुकून तुझ्याकडे आलं, लिहिलं ते चुकून नाही. मला ते पुसता आलं असतं, मी पुसलं नाही. तुला जास्त वाटलं तर वाटू दे. कोणाला दाखवायचं तर दाखव. पण मी यातलं एकही अक्षर कमी करणार नाही, आणि जे अजून ठाऊक नाही ते वाढवणारही नाही. आणि उत्तराची घाई नाही. तिथेच लिहिलंय."

त्याने पुठ्ठा माझ्या हातातून अलगद घेतला. खिशातलं पेन काढलं.

"तुला घाई नसेल," तो म्हणाला. "मला आहे."

पुठ्ठ्यावर जागा कुठे उरली होती! गोल कडेने, पुठ्ठा फिरवत फिरवत, त्याने लिहिलं. त्याचं अक्षर डॉक्टरी, लागता लागेना. मी पुठ्ठा जवळ नेला, लांब धरला.

"दिसत नाही?" त्याने विचारलं. "की वाचायचं नाही?"

मी वाचलं. 'मलाही. खूप. पाच आठवडे मी रोज दाराबाहेर उभा राहून बघतो तुझं चालू अक्षर संपलंय का, मगच आत येतो. उद्यापासून थांबणार नाही. बिघडू दे.'

मग मी रडले. चिडून, हसून, एप्रनला नाक पुसत. आणि त्याने मला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या कोटाला चॉकलेटचा डाग पडला, तो टूथपिकने निघण्यातला नव्हता.

पुठ्ठा त्याने ठेवून घेतला. डिपॉझिट असतं, मी म्हटलं. तो म्हणाला, मग घ्यायला रोज यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी एका जोशीकाकूंच्या केकवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहीत होते. 'वा' झाला, 'ढ' अर्ध्यात होता, आणि दार उघडलं. न थांबता. कोणाची वाट न बघता.

'ढ' सरळ डावीकडे घसरला.

काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं बाई, हा 'ढ' वाकडा आलाय!"

मंतशाने तोंडावर ओढणी धरली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि क्रीम फेटायला लागले. टूथपिक माझ्या हाताशीच होती. मी ती उचलली नाही.

"हो काकू, आलाय खरा," मी म्हटलं. "पैसे घेणार नाही मी तुमच्याकडून. पण हा 'ढ' आता असाच राहणार."